एल्मर फडचा आवाज कोणाचा? क्विझमधलं असं उत्तर तपासायचं कसं

बग्ज बनीच्या मागे बंदूक घेऊन धावणारा टकलू शिकारी, एल्मर फड. एका क्विझमध्ये मी विचारलं, 'एल्मर फडला आवाज कोणी दिला?' माझ्या कागदावर उत्तर होतं मेल ब्लँक. एका स्पर्धकाने आर्थर क्यू. ब्रायन हे नाव सांगितलं. मी ते चूक ठरवून टाकलं. घरी येऊन पाहिलं तर त्याचं बरोबर होतं. गुण परत देता आले नाहीत, पण तेव्हापासून या जातीचा प्रश्न काढायची माझी एक पद्धत ठरली आहे.

आधी कार्टून आणि साल पक्कं करा

'स्कूबी-डूचा आवाज कोणाचा?' हा प्रश्न अर्धवट आहे. १९६९ च्या मूळ मालिकेत स्कूबी होता डॉन मेसिक. त्याच मालिकेत फ्रेडचा आवाज फ्रँक वेल्करचा होता, आणि पुढे २००२ पासून हाच वेल्कर फ्रेडबरोबर स्कूबीसाठीही बोलू लागला. म्हणजे 'फ्रेड आणि स्कूबी यांचा आवाज एकच आहे का?' याचं उत्तर एका काळात नाही आणि दुसऱ्या काळात हो. दोन स्पर्धक भांडतात तेव्हा बरेचदा दोघंही बरोबर असतात, फक्त त्यांनी पाहिलेली कार्टून वेगळी असतात. डब केलेल्या आवृत्तीत तर सगळेच आवाज बदलतात, म्हणून भाषाही प्रश्नातच लिहावी.

मग श्रेयनामावली वाचा, पण ती किती सांगते तेही पाहा

माझी चूक इथे झाली होती. त्या काळच्या अमेरिकन लघुपटांत आवाज देणाऱ्यांची नावं सहसा पडद्यावर येतच नसत. ब्लँकने पगारवाढ मागितली, निर्मात्याने ती नाकारली आणि बदल्यात पडद्यावर नाव दिलं, असं तो स्वतः सांगत असे. १९४० च्या दशकात हे सुरू झालं. इतरांना ही सोय नव्हती. त्यामुळे पडद्यावर आवाजासाठी एकच नाव दिसायचं, आणि प्रेक्षक समजायचे की ससा, बदक, डुक्कर, मांजर, शिकारी सगळे एकाच माणसाचे. यातलं बरंच खरंही होतं. बग्ज ससा, डॅफी बदक, सिल्व्हेस्टर मांजर, ट्वीटी पक्षी आणि १९३७ पासून पोर्की डुक्कर, हे सगळे ब्लँकचेच. त्यामुळेच तर उरलेलं खोटं पचून जातं.

एल्मर मात्र, ब्रायन १९५९ मध्ये मरेपर्यंत, मुख्यतः त्याच्याकडेच होता. १९५७ चं 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?' घ्या. एल्मर वॅग्नरच्या ऑपेरातला वीर होऊन बग्जच्या मागे लागतो. पडद्यावर नाव ब्लँकचं, पण एल्मरचं गाणं आणि बोलणं ब्रायनचं. आणखी एक गंमत म्हणजे एल्मर रागाने वादळं, भूकंप बोलावतो आणि शेवटी 'स्मॉग!' असं किंचाळतो, ती एक किंकाळी ब्लँकची आहे. एकाच लघुपटात, एकाच पात्राच्या तोंडी, दोन माणसं! या लघुपटात 'एल्मरचा आवाज ब्लँकचा' म्हणणाऱ्याला या एका शब्दापुरतं खरं म्हणावं लागेल.

म्हणून श्रेयनामावलीतून दोनच गोष्टी पक्क्या समजाव्या: हा माणूस कामात होता, आणि त्याचं नाव दाखवायचं ठरलं होतं. कोणतं पात्र कोणाचं हे तिथे लिहिलेलं नसेल तर ते तिथून काढू नये.

जोड्यांवरून अंदाज बांधू नका

जी पात्रं एकमेकांशी सतत बोलतात ती वेगवेगळ्या माणसांची असणार, असं आपण धरून चालतो. 'द सिम्पसन्स'मध्ये मिस्टर बर्न्स आणि त्याच्या पुढेपुढे करणारा स्मिदर्स, दोघंही हॅरी शियरर आहेत. उलट बाजूने, एकसारखी दिसणारी जोडी एकाच माणसाची असणार, हाही अंदाज फसतो. त्याच मालिकेतल्या फ्लँडर्स भावांमध्ये टॉड नॅन्सी कार्टराइटचा, तर रॉड २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत पामेला हेडनचा होता. कार्टराइट म्हणजे बार्ट, आणि बार्टचा जिवलग मित्र मिलहाउसही तोवर हेडनचाच होता.

माझं आवडतं उदाहरण १९५८ च्या 'हकलबरी हाउंड शो'तलं. पिक्सी आणि डिक्सी हे दोन उंदीर, आणि मिस्टर जिंक्स हे मांजर. विचारलं तर बहुतेकजण उंदीर एकाचे आणि मांजर दुसऱ्याचं असं सांगतील. प्रत्यक्षात डिक्सी आणि मांजर डॉज बटलरचे, पिक्सी मात्र मेसिकचा. उंदराची आणि त्याला पकडायला आलेल्या मांजराची वाक्यं एकाच गळ्यातून येतात.

कानाने तपासायचं असेल तर

हे काम मजेचं आहे, पण त्याची मर्यादा ओळखून करावं. डॅफी आणि सिल्व्हेस्टर यांचा 'स' सारखाच थुंकी उडवत फुटतो. फरक मुख्यतः आवाजाच्या पट्टीचा आहे, कारण डॅफीचं रेकॉर्डिंग वेग वाढवून वापरलं जायचं. ते उलटं करून ऐकता येतं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये Tools > Preferences > Audio इथे जाऊन Enable Time-Stretching audio वरची खूण काढा. ती तशीच राहिली तर वेग कमी केला तरी आवाजाची पट्टी तीच राहते आणि काहीच कळत नाही. खूण काढल्यावर वेग थोडाथोडा कमी करत जा. डॅफी हळूहळू सिल्व्हेस्टरकडे सरकतो.

पण कान फक्त संशय देतो. चांगला नकलाकार मूळ माणसाच्या लकबी उचलूनच आणतो, त्याला पैसेच त्याचे मिळतात. ऐकून 'हा ब्लँक वाटत नाही' असं वाटलं, तर पुढे त्या वर्षी त्या माणसाचं काय चाललं होतं ते शोधावं. 'द फ्लिंटस्टोन्स'मध्ये बार्नी ब्लँकचा होता. जानेवारी १९६१ मध्ये ब्लँकला भीषण मोटार अपघात झाला आणि मधल्या काही भागांत बार्नीसाठी बटलर बोलला. मालिकेची यादी पाहिली तर उत्तर ब्लँक. त्या भागांपैकी एखादा लावला तर बटलर. आजारपण, मृत्यू, कराराचा वाद, निवृत्ती या तारखा आधी पाहिल्या की असे सांधे लगेच सापडतात.

शेवटी प्रश्न पुन्हा लिहा

माझा जुना प्रश्न आता असा आहे: '१९५७ च्या व्हॉट्स ऑपेरा, डॉक? या इंग्रजी लघुपटात एल्मर फडची गाणी आणि बहुतेक संवाद कोणाच्या आवाजात आहेत?' उत्तर: आर्थर क्यू. ब्रायन. उत्तरपत्रिकेत खाली कंसात टीप लिहिली आहे: कोणी 'ब्लँक' म्हणालं तर चूक, पण त्याने 'स्मॉग' या शब्दाचा दाखला दिला, तर निम्मे गुण.