कच्चं चिकन, शिळी अंडी : मेस कमिटीचं तक्रारपत्र कसं लिहायचं

मेस कमिटीत नव्याने आलेल्यांचं पहिलं तक्रारपत्र बहुतेक वेळा असं असतं : "जेवणाचा दर्जा अत्यंत खालावला असून चिकन वारंवार कच्चे व अंडी शिळी असतात. कृपया लक्ष घालावे." यात खोटं काहीच नसतं, तरी पत्राचं पुढे काही होत नाही. वॉर्डन ठेकेदाराला बोलावतात, तो म्हणतो, "चिकन शिजलेलंच होतं, हाडाजवळ लाल दिसतंच," आणि विषय तिथेच मिटतो. पंचाईत ही, की त्याचं म्हणणं अर्धं बरोबर असतं.

कोवळ्या कोंबडीची हाडं सच्छिद्र असतात. आतल्या मगजाचा लाल रंग, विशेषतः चिकन गोठवलेलं असेल तर, आजूबाजूच्या मांसात उतरतो आणि पूर्ण शिजल्यावरही तसाच राहतो. उलट, वरून पांढरंशुभ्र दिसणारा तुकडा आत पुरेसा तापलेला नसू शकतो. म्हणून "लाल दिसलं" हा पुरावा धरू नका. पुरावा म्हणजे तापमान. तुकड्याच्या आत, सगळ्यात जाड जागी ७४ अंश सेल्सिअस झालं की चिकन खायला सुरक्षित.

यासाठी सुईचा स्वयंपाकाचा थर्मामीटर कमिटीने स्वतःचा ठेवावा. वापरण्याआधी भरपूर चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी एकत्र करून त्यात सुई बुडवा. आकडा शून्याच्या जवळ आला नाही, तर त्या थर्मामीटरची नोंद पत्रात लिहू नका. मोजताना लेगपीसच्या जाड भागात मधोमध सुई खुपसा आणि ती हाडाला टेकू देऊ नका, नाहीतर आकडा मांसाचा येत नाही.

नव्यांची सर्रास होणारी चूक म्हणजे ताटातला तुकडा मोजणं. वाढल्यावर चिकन निवतं. ताटात ५५ अंश भरलं, तर ते कधी ७४ ला पोचलंच नव्हतं असं सिद्ध होत नाही, आणि ठेकेदार नेमकं हेच बोलून दाखवतो. मोजायचं ते भट्टी बंद केल्या केल्या, वाढायला नेण्याआधी, पातेल्यातच. तळचा, मधला आणि वरचा असे तीन तुकडे घ्या. मोठ्या पातेल्यात तळाशी रस्सा खळखळत असतो, पण वर तरंगणारे जाड तुकडे मागे राहतात.

कच्चेपणाचं मूळ बहुधा भट्टीच्या आधीच असतं. गोठवलेलं चिकन फ्रिजमध्ये सुटायला साधारण दोन किलोला एक दिवस लागतो. दहा किलोची लादी एका रात्रीत सुटत नाही. सकाळी घाईने ती तोडून पातेल्यात टाकली, की बाहेरचं मांस शिजतं आणि गाभा तेवढा तापत नाही. म्हणून मोजण्याच्या दिवशी चिकन फ्रीझरमधून कधी काढलं तेही विचारून लिहा. कारण दाखवणाऱ्या पत्राला "यापुढे काळजी घेऊ" एवढ्या उत्तरावर परतवता येत नाही.

अंड्यांच्या बाबतीत चुकीचा पुरावा आणखी सहज दिला जातो. उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवतीचं हिरवट-करडं वर्तुळ शिळेपणाचं लक्षण नाही. अंडं जास्त वेळ उकडल्याने बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र येऊन ते होतं. हा मुद्दा पत्रात आला, तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचा विश्वासही उडतो. खरी खूण अंड्याच्या बोथट टोकाला सापडते. अंडं जुनं होतं तसं कवचातून पाणी उडून जातं आणि त्या टोकाची हवेची पोकळी वाढते. सोललेल्या अंड्याला तिथे खोल, सपाट खळगा पडलेला दिसतो. कच्चं अंडं पाण्यात टाका : ताजं आडवं पडतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं. तरंगणारं अंडं जुनं असतं, पण सडलेलंच असेल असं नाही. ते वेगळ्या वाटीत फोडून वास घ्या आणि दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा. वास नाही म्हणजे अंडं निर्धोक, असंही नाही. पोट बिघडवणारा साल्मोनेला जीवाणू असलेल्या अंड्याला वास येईलच असं नसतं.

पोट बिघडलेल्यांची यादी जोडा, पण दोष शेवटच्या जेवणावर ढकलू नका. साल्मोनेलाची लक्षणं सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही सुरू होतात, कच्च्या चिकनमधून येणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जीवाणूची साधारण दोन ते पाच दिवसांत. म्हणून प्रत्येकाची खोली, त्रास सुरू झाल्याची तारीख-वेळ आणि आधीच्या आठवड्यात काय खाल्लं, एवढंच लिहून घ्या. निष्कर्ष डॉक्टरांना काढू द्या. नावं पत्रात नकोत. यादी वॉर्डनकडे बंद पाकिटात द्या.

हे सगळं जमल्यावर पत्र छोटंच होतं. नमुना असा :

"प्रति, मा. वॉर्डन. विषय : मेसमध्ये अपुरे शिजलेले चिकन व जुनी अंडी दिली जात असल्याबाबत.

महोदय, दि. ४, ११ व १८ रोजी रात्री चिकन वाढण्यापूर्वी मेस कमिटीने मुख्य आचाऱ्यांसमोर पातेल्यातील प्रत्येकी तीन तुकड्यांचे आतील तापमान मोजले. सर्वात कमी नोंद अनुक्रमे ६१, ६६ व ६३ अंश आली. किमान ७४ अंश आवश्यक आहे. तिन्ही दिवशी चिकन त्याच सकाळी फ्रीझरमधून काढल्याचे स्वयंपाकघरातून सांगण्यात आले. दि. १२ व १९ रोजी प्रत्येकी ३० अंड्यांचा एक ट्रे पाण्यात तपासला. अनुक्रमे ७ व ९ अंडी तरंगली, पैकी २ व ३ फोडल्यावर दुर्गंधी आली. छायाचित्रे व नोंदी सोबत जोडल्या आहेत.

मागण्या : चिकन आदल्या दिवशी, लादी मोठी असल्यास त्याहून आधी, फ्रिजमध्ये सुटण्यास ठेवावे. प्रत्येक पातेल्याचे तापमान वाढण्यापूर्वी नोंदवहीत लिहावे व ७४ अंशांखाली असल्यास पुन्हा शिजवावे. अंड्यांच्या ट्रेवर आल्याची तारीख लिहून आधी आलेला ट्रे आधी वापरावा. सात दिवसांत लेखी उत्तर मिळावे."

"आचाऱ्यांसमोर" हा शब्द मुद्दाम घातला आहे. मोजताना आचारी हजर असेल आणि नोंदीवर त्याची सही असेल, तर आकड्यावर वाद होत नाही. कमी आकडा आला, की ते पातेलं तिथल्या तिथे परत भट्टीवर चढवायला लावा. नोंद हातात आली म्हणून ते चिकन मुलांना वाढू देणं कमिटीने कदापि करू नये.

पत्र दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय सात दिवस कुठून मोजायचे, हेच ठरत नाही.

नोंदवही सुरू झाली की आठवडाभराने ती उघडून बघा. खऱ्या मोजणीत आकडे ७६, ८३, ७९, मध्येच एखादा ७१ आणि पुढे "पुन्हा शिजवले" असे वरखाली दिसतात. रोज, प्रत्येक पातेल्याला ७५ च लिहिलेलं असेल, एकाच पेनाने, एकाच बसकणीत, तर वही मोजून भरलेली नाही. मग त्या रात्री थर्मामीटर घेऊन पुन्हा पातेल्याजवळ उभं राहायचं आणि तो आकडा वहीतल्या त्या दिवसाच्या ७५ शेजारी सहीनिशी लिहायचा.