वर्णनाचं शेपूट तळाला नेलं

माझा भाचा सांगलीच्या हळद बाजारावर यूट्यूबसाठी व्हिडिओ करतो. व्हिडिओखालचं वर्णन उघडलं की आधी इन्स्टाग्राम, फेसबुकच्या लिंका, मग कॅमेरा-संकलनाची नावं. ‘राजापुरी हळद, मार्केट यार्ड, सौदे’ हे शब्द पार ‘...more’च्या आड. हा ठरावीक मजकूर यूट्यूब स्टुडिओच्या Upload defaults मधून प्रत्येक वेळी आपोआप यायचा आणि भाचा नवं त्याखाली लिहायचा. मी तिथे वरच्या ओळी मोकळ्या सोडल्या, लिंका चॅनलच्या प्रोफाइलवर हलवल्या आणि श्रेयाची एकच ओळ तळाशी ठेवली. संगीताच्या परवान्यात श्रेयाची अट असेल तर ते मात्र काढायचं नाही. आता पहिल्या दोन ओळींत त्या दिवशीच्या सौद्याचंच बोलणं असतं. जुन्या व्हिडिओंना ही सेटिंग लागत नाही. ते बसून बदलावे लागले.