नॅपसॅकमधून यादी काढताना या चुका टाळा

कॉलेज रोडवरच्या माझ्या क्लासमध्ये दर बॅचला हेच होतं. ठरावीक जागेत जास्तीत जास्त किमतीचा माल बसवायचं कोडं म्हणजे झिरो-वन नॅपसॅक; त्याचं उत्तर ९०० आलं की मुलं लॅपटॉप मिटून चहाला निघतात. "अरे, पण माल कुणाचा भरायचा?" असं विचारलं की एकमेकांकडे बघतात. टेम्पोवाल्याला ९०० हा आकडा घेऊन काय करायचंय? त्याला यादी हवी असते.

उदाहरण छोटंच घेऊ. टेम्पोत ५ क्विंटल जागा आहे. द्राक्षं २ क्विंटल, भाडं ३०० रुपये. डाळिंब २ क्विंटल, ४०० रुपये. कांदा ३ क्विंटल, ५०० रुपये. माल घ्यायचा तर पूर्ण, नाहीतर नाही. प्रत्येक रकान्यात त्या ओळीपर्यंतच्या मालातून तेवढ्या जागेत मिळणारं जास्तीत जास्त भाडं लिहीत टेबल याच क्रमाने भरलं की ओळी अशा येतात (रकाने ० ते ५ क्विंटल):

```
-         0  0    0    0    0    0
द्राक्षं     0  0  300  300  300  300
डाळिंब    0  0  400  400  700  700
कांदा      0  0  400  500  700  900
```

आता माझी सगळ्यात नावडती चूक. कुठेतरी वाचलेलं असतं की दोन मितींचं टेबल म्हणजे मेमरीची उधळपट्टी, एकच ओळ पुरते. किमतीपुरतं ते खरंच आहे. मग यादीसाठी हुशारी करून `last[w]` ठेवतात, म्हणजे त्या वजनाला शेवटचा बदल कुठल्या मालाने केला तो. ही हुशारी मीही केलेली आहे. पंचवटीतल्या मार्केट यार्डातून माल उचलणाऱ्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्या काकांना मी प्रोग्रॅम करून दिला होता. आठवडाभर छान चालला. मग एका पहाटे फोन: "सर, डाळिंबाची पार्टी एकच आहे, यादीत दोनदा कशी?"

वरच्याच उदाहरणात ते दिसतं. ५ क्विंटलला `last[5]` म्हणतो कांदा, उरले २, `last[2]` म्हणतो डाळिंब. बरोबर, ९००. आता जागा ४ क्विंटल करा. `last[4]` म्हणतो डाळिंब. उरलेल्या २ ला खरं तर द्राक्षं होती, पण ४ चा रकाना भरून झाल्यावर त्याच फेरीत डाळिंबाने २ चा रकानाही बदलला आणि द्राक्षांची नोंद पुसली. म्हणून पुन्हा डाळिंब. किंमत ७०० आणि यादीची बेरीज ८००! टेस्ट ५ वर घेतली असेल तर हे कधीच दिसणार नाही. मी तशीच घेतली होती.

माझा उपाय साधा आहे: पूर्ण टेबल ठेवा. १०० माल आणि १०,००० वजन धरलं तरी १० लाख रकाने, चार बाईटचे आकडे असतील तर साधारण ४ एमबी. मोबाइलमधला एक फोटो. खरंच जागा नसेल तर किमतीची एक ओळ ठेवा, पण प्रत्येक मालाला, प्रत्येक वजनाला "घेतला की नाही" ही नोंद वेगळी ठेवा. एकेका बिटमध्ये ती १२५ केबीत बसते. ओळ वेगळी असल्यामुळे पुढचा माल मागची नोंद पुसू शकत नाही.

यादी काढायची ती शेवटच्या ओळीपासून. `dp` म्हणजे वरचं टेबल, `n` म्हणजे किती माल, `W` म्हणजे टेम्पोतली जागा, `wt` म्हणजे मालांची वजनं आणि `val` म्हणजे त्यांचं भाडं:

```python
chosen = []
w = W
for i in range(n, 0, -1):
    if dp[i][w] != dp[i-1][w]:
        chosen.append(i-1)
        w -= wt[i-1]
```

५ क्विंटलला ९०० आणि वरच्या ओळीत ७००, फरक आहे, म्हणजे कांदा घेतला, उरले २. तिथे ४०० आणि वर ३००, डाळिंब घेतलं, उरलं ०. द्राक्षांच्या ओळीत फरक नाही. संपलं.

हेच वरून खाली करणारे महाभाग असतात. पहिल्याच ओळीत ३०० आणि ० दिसतात, म्हणून द्राक्षं उचलतात, मग ३ क्विंटलला डाळिंब, आणि कांद्याला जागाच नाही: ७००. पहिल्या ओळीला कांदा माहीतच नसतो, तिचं ऐकून कसं चालेल?

`w -= wt[i-1]` विसरलात तर यादी टेम्पोत मावणार नाही.

काहीजण फरक न बघता `dp[i-1][w-wt[i-1]] + val[i-1]` शी बरोबरी तपासतात. चालतं, पण आधी `w` पुरेसा आहे का ते बघा. पायथनमध्ये उणे इंडेक्स गुपचूप ओळीच्या शेवटून आकडा आणतो, बहुतेक वेळा एररही येत नाही.

दोन याद्यांची बेरीज सारखी असेल तर मित्राची यादी वेगळी येऊ शकते. ती चूक नाही, उगाच रात्र घालवू नका.

त्या पहाटेपासून मी यादी छापायच्या आधी दोन बेरजा करतो: वजन `W` च्या आत आहे का, आणि भाडं `dp[n][W]` इतकंच आहे का. काकांच्या यादीत वजन बरोबर ४ क्विंटल भरत होतं. पकडलं असतं ते भाड्याच्या बेरजेनेच.