बॅगेचे पैसे भरण्याआधी मागितलेले चार फोटो

रत्नागिरीत बसून मुंबईच्या विक्रेतीकडून जुनी लुई व्हितॉँ स्पीडी घेत होते. ‘अजून फोटो पाठवा’ म्हटलं, तर समोरून काढलेलेच सहा सुंदर फोटो आले. चूक माझी होती, मागणीच मोघम होती. मग असं लिहिलं:

‘ताई, बॅग आवडली आहे. पैसे भरण्याआधी चार फोटो हवेत, दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता. तळाचे चारही कोपरे. हँडल जिथे जोडलंय तिथली शिलाई. आतल्या खिशाजवळच्या चामडी पट्टीवरचा कोड, जवळून. आणि बॅगेशेजारी आजची तारीख व माझं नाव लिहिलेला कागद.’

कागदाचा फोटो सर्वांत महत्त्वाचा, कारण दुसऱ्याच्या बॅगेचे उचललेले फोटो तिथेच उघडे पडतात.

संध्याकाळी चारही आले. कोड होता SP1124. 2007 नंतरच्या कोडमध्ये पहिला आणि तिसरा अंक बॅग बनल्याचा आठवडा सांगतात, दुसरा आणि चौथा वर्ष. म्हणजे 2014 चा बारावा आठवडा. जाहिरातीत मात्र 2017 लिहिलं होतं. शिवाय एका कोपऱ्याची कड झिजलेली. आमच्या दमट हवेत उघड्या चामड्यावर बुरशी लवकर धरते, म्हणून मला हे आधीच कळायला हवं होतं.

कोड नियमात बसला म्हणून बॅग खरी ठरत नाही, नकलेवरही तो छापतात. 2021 पासूनच्या बॅगांत तर कोडऐवजी चिप असते. त्यामुळे शिलाई मी स्वतंत्रपणे पाहिली. टाके एकसारखे होते. वर्षाचा फरक दाखवल्यावर ताईंनी चूक मान्य करून किंमत उतरवली, आणि मगच मी पैसे भरले.