साध्या अक्षावरच्या साथीच्या आलेखात घातांकी वाढ कशी ओळखावी

घातांकी वाढ म्हणजे ठरावीक दिवसांत संख्या दुप्पट होत जाणं. उभा अक्ष लॉग असेल, म्हणजे त्यावर दर सारख्या अंतराला आकडा तितक्याच पटीने वाढत असेल, तर प्रश्नच नाही, ही वाढ तिथे सरळ रेषेत दिसते. पण आपल्यासमोर बहुतेक वेळा येतो तो साधा अक्ष, आणि तिथे डोळा सहज फसतो.

आलेख रोजच्या नव्या रुग्णांचा घ्या, एकूण रुग्णांचा नको. एकूण आकडा कधी खाली येतच नाही, आणि मागच्या लाटेची सगळी बेरीजही त्याच्या पोटात राहते. सात दिवसांची सरासरी काढा म्हणजे सुट्टीच्या दिवशी होणाऱ्या कमी नोंदींचे खड्डे बुजतात. शेवटच्या तीन-चार दिवसांच्या नोंदी अजून येत असतात, म्हणून ते दिवस सोडून द्या. उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, तेही बघा.

आता अवघड भाग. मला सगळ्यात जड गेला तो हाच, आणि याबद्दलच सर्वात जास्त चुकीचे सल्ले दिले जातात. ‘आलेख जिथे अचानक वर वळतो, तिथून घातांकी वाढ सुरू होते’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ते साफ चूक आहे. घातांकी वाढीत असं वळण कुठेच नसतं. ते दिसतं ते उभ्या अक्षाच्या कमाल आकड्यामुळे. दर आठवड्याला दुप्पट होणारी संख्या ४०० पर्यंतच्या अक्षावर काढा, मग तीच १,६०० पर्यंतच्या अक्षावर काढा. वळण दोन आठवडे पुढे सरकलेलं दिसेल, आणि आधी ज्याला वळण म्हणत होतो ती जागा आता जवळजवळ सपाट वाटेल. साथ तीच, वेगही तोच. म्हणून वळण शोधू नका.

त्याऐवजी तीन उंच्या घ्या: हिशेबात धरलेल्या शेवटच्या दिवसाची, तिच्या निम्मी आणि त्याच्याही निम्मी. उंची म्हणजे अक्षावर वाचलेला आकडा. अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तर नुसती पट्टी लावून मोजू नका. प्रत्येक उंचीवरून आडवी रेघ काढा, ती आलेखाला जिथे छेदते तिथून सरळ खाली येऊन तारीख वाचा. पाव ते अर्धी आणि अर्धी ते पूर्ण या दोन टप्प्यांना किती दिवस लागले, एवढंच बघायचं. दिवस सारखे असतील तर वाढ घातांकी. दुसऱ्या टप्प्याला दुप्पट दिवस लागले असतील तर रेषीय, मग ती रेषा कुठूनही सुरू झालेली असो.

समजा दहाव्या दिवशी रोजचे नवे रुग्ण १०० आहेत. एका आलेखात ते सतराव्या दिवशी २०० आणि चोविसाव्या दिवशी ४०० झाले. सात दिवस, पुन्हा सात दिवस: घातांकी. दुसऱ्या आलेखात रोज दहाच रुग्णांची भर पडते, म्हणून २०० ला विसावा दिवस उजाडतो आणि ४०० ला चाळिसावा. दहा दिवस, मग वीस: रेषीय. आता चौदाव्या दिवशी हे दोन्ही आलेख कसे दिसतात बघा. पहिल्यात सुमारे १४९, दुसऱ्यात १४०. नोंदींतला नेहमीचा चढउतारच याहून मोठा असतो. चोविसाव्या दिवशी मात्र ४०० विरुद्ध २४०. म्हणून संख्या दोनदा दुप्पट झाल्याशिवाय मी निकाल देत नाही, आणि आठवड्याभराच्या तुकड्यावरून ‘वाढ सरळ रेषेत आहे’ असं कोणी सांगितलं तर ते मानत नाही.

उत्तर मधलंही येऊ शकतं, म्हणजे आधी सात दिवस आणि मग दहा. अशा वेळी ओढूनताणून दोन्हींपैकी एक नाव देऊ नका. घातांकी वाढ मंदावत असेल, किंवा वाढ मुळातच वेगळ्या प्रकारची असेल. अमेरिकेत एड्सच्या सुरुवातीच्या वर्षांत एकूण रुग्णसंख्या साधारण काळाच्या घनाच्या प्रमाणात वाढली, म्हणजे ना रेषीय ना घातांकी. दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा लहान निघाला तर आधी मोजणीची पद्धत बदलली का ते तपासा. १२ फेब्रुवारी २०२० रोजी चीनच्या हुबेई प्रांताने एका दिवसात १४,८४० नवे रुग्ण नोंदवले. त्यांतले १३,३३२ रुग्णाच्या नव्या व्याख्येमुळे मोजणीत आले होते. अशी उडी सरासरीत मिसळली की दोन्ही टप्पे खोटे पडतात. व्याख्या बदलली त्या तारखेच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग वेगवेगळा मोजा.

रेषीय उत्तर आलं तरी एक तपासणी उरते. रोज होणाऱ्या चाचण्यांची संख्या बघा. चाचण्या क्षमतेला टेकून तिथेच अडकल्या असतील आणि त्यांतल्या बाधितांचं प्रमाण चढत असेल, तर ती सरळ रेषा प्रयोगशाळेच्या मर्यादेची असू शकते. तेव्हा रुग्णसंख्या बाजूला ठेवा आणि रुग्णालयात रोज नव्याने दाखल होणाऱ्यांच्या आलेखावर त्याच तीन उंच्या घ्या. त्यात संसर्ग काही दिवस उशिरा दिसतो, पण चाचण्यांच्या तुटवड्याने तो आलेख तितका दबत नाही. खाटा भरल्यावर मात्र तोही सपाट होतो, म्हणून खाटा शिल्लक होत्या तोवरचेच दिवस धरा.