काखेत-जांघेत परत परत येणारी गाठ: करट समजून या चुका करू नका

साधं करट कसं वागतं, हे आपण घरात पाहिलेलंच असतं. केसाच्या मुळाशी लाल पुळी येते, चार दिवस ठणकते, तोंड धरते, पिवळं टोक दिसतं, फुटते आणि आठवडा-पंधरवड्यात जागा भरून येते. पुढचं करट आलंच तर मांडीवर, मानेवर, कुठेही येतं.

काखेत, जांघेत, स्तनांच्या खाली किंवा कुल्ह्यांच्या घडीत उठणाऱ्या एका गाठीचं वागणं मात्र वेगळं असतं. ती खोल असते. वरून कातडी कधी जेमतेम लालसर दिसते, पण दाबलं की डोळ्यांत पाणी येतं. तोंड धरत नाही. फुटली तरी जागा कोरडी पडत नाही, कपड्याला डाग लागत राहतात. बरी झाली म्हणावं, तर काही आठवड्यांनी तिथेच किंवा बोटभर बाजूला पुन्हा उठते. घरात तिला काखमांजरी म्हणतात, जांघेत आली की केसतोड. डॉक्टरी नाव हिड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा. ओपीडीत आम्ही नुसतं एचएस म्हणतो.

करट होतं ते जंतूंमुळे. एचएसची सुरुवात जंतूंपासून होत नाही. केसाच्या मुळाभोवतीच्या पिशवीचं तोंड बंद होतं, पिशवी फुगते आणि कातडीच्या आतल्या आत फुटते. आत सांडलेल्या त्या मालावर शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडते आणि तिथून सूज, पू, ठणका हे सगळं सुरू होतं. म्हणूनच हा आजार दुसऱ्याला लागत नाही आणि अंघोळ कमी केल्यानेही होत नाही.

पहिली चूक: प्रत्येक गाठ नवी समजणं

भांडुपहून आलेल्या एका चोवीस वर्षांच्या मुलीचंच पाहू. पहिली गाठ एकोणिसाव्या वर्षी, उजव्या काखेत. फॅमिली डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, गाठ बसली. पुढच्या खेपेला दुसरे डॉक्टर, दुसऱ्या गोळ्या. मग एका नर्सिंग होममध्ये चीर लावून पू काढला, रोज ड्रेसिंग झालं, जखम भरली. तीन महिन्यांत त्याच व्रणाच्या कडेला पुन्हा गाठ. मग पुन्हा चीर. साखर तपासली, ती नॉर्मल. ‘उष्णता आहे, ताक पी’ असं घरचे सांगत होतेच. गर्दीच्या लोकलमध्ये वरची कडी धरायला हात उचलता येईना, तेव्हा ती त्वचारोग विभागात आली.

यातला कुठलाही डॉक्टर एकटा चुकला असं मी म्हणणार नाही. प्रत्येकाने एकच गाठ पाहिली. पाचही वर्षं एकत्र कुणासमोर आली नाहीत.

काख नीट उजेडात पाहिल्यावर दोन गोष्टी दिसल्या. जुन्या व्रणाजवळ एकाच जागी दोन काळे ठिपके, अगदी चिकटून. साध्या मुरुमात असा ठिपका एकेकटा असतो; काखेत ही जोडी दिसली की मी सावध होते. दुसरं म्हणजे, गाठीवर हलकेच दाब दिला तर पातळ पू आला तो दोन बोटं पलीकडच्या बारीक भोकातून. म्हणजे कातडीखाली बोगदा तयार झाला होता. करटाला बोगदा नसतो.

मग विचारलं, जांघेत काही होतं का? ती गप्प बसली, मग हो म्हणाली. तिथलं तिने आजवर कुणालाच दाखवलं नव्हतं. वडिलांनाही तरुणपणी कुल्ह्यावर असंच व्हायचं. हा आजार बऱ्याच घरांत चालत येतो.

निदानासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागत नाही. गाठी खोल आणि दुखऱ्या आहेत, जागा याच घड्यांच्या आहेत आणि सहा महिन्यांत किमान दोनदा आल्या आहेत, एवढं जुळलं की एचएस धरून चालतात. पुवातले जंतू वाढवून पाहायच्या कल्चर तपासणीत बरेचदा काहीच उगवत नाही, त्यावर अडून राहू नये.

दुसरी चूक: दर वेळी चीर

नुसती चीर लावून पू काढला की ठणका लगेच कमी होतो, म्हणून ती हवीहवीशी वाटते. गाठ टम्म फुगून वेदना असह्य झाली असेल, तर तेवढ्यापुरती चीर योग्यही आहे. पण केसाची फुटलेली पिशवी आणि बोगद्याचं अस्तर आतच राहतं, त्यामुळे गाठ जवळजवळ हमखास परत येते आणि दर वेळी एक व्रण वाढतो. घरी पिळणं तर त्याहून वाईट. माल आणखी खोल पसरतो.

बोगदा झालाच असेल तर त्याचं छत काढावं लागतं. जागा बधिर करून बोथट सळई भोकातून आत घालतात, बोगदा कुठवर गेला ते पाहतात आणि वरची कातडी पूर्ण कापून काढतात. तळ उघडा ठेवतात, टाके घालत नाहीत. जखम खालून वर भरत येते. याला काही आठवडे लागतात, पण त्या जागी पुन्हा गाठ येण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. या मुलीच्या उजव्या काखेत हेच केलं. डावीकडे आणि जांघेत बोगदे नव्हते, तिथे औषधांवर भागलं. ताजी गाठ उठली की तिच्यात स्टिरॉइडचं छोटं इंजेक्शन देता येतं, त्याने ती चीर न लावताही बसू शकते.

तिसरी चूक: पाच दिवसांचा कोर्स

इथे अँटिबायोटिक दिलं जातं ते मुख्यतः सूज शमवण्यासाठी, म्हणून ते लांब चालतं. सौम्य आजारात क्लिंडामायसिनचं लोशन. जास्त असेल तर डॉक्सिसायक्लिन साधारण बारा आठवडे. केमिस्टकडून पाच दिवसांच्या गोळ्या पुन्हा पुन्हा घेतल्या तर आजार तिथेच राहतो आणि औषधाला दाद न देणारे जंतू मात्र तयार होतात.

क्लिंडामायसिन आणि रिफाम्पिसिन ही जोडीही वापरतात. रिफाम्पिसिन हे टीबीचंही औषध आहे आणि मुंबईत काखेतली गाठ टीबीची असू शकते, हे विसरून चालत नाही. टीबीची गाठ सहसा कमी दुखते, हळूहळू मऊ होते, फुटून वाहत राहते. सोबत बारीक ताप, वजन घटणं असू शकतं. शंका असेल तर आधी तपासणी, मगच ते औषध. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, रिफाम्पिसिनमुळे त्यांचा परिणाम कमी होतो. एवढ्याने न आटोपणाऱ्या आजाराला अडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. ती महाग आहेत आणि तीही टीबी नाही याची खात्री करूनच देतात.

राहिली घरची काळजी. घासणी आणि कडक जंतुनाशक बंद करा, घासल्याने सूज चाळवते. गाठी असताना रेझर, वॅक्सिंग नको. केस कात्रीने किंवा ट्रिमरने कमी करा. घट्ट इलास्टिकऐवजी सैल सुती कपडे, निदान पावसाळ्याआधीच्या घामाच्या दिवसांत तरी. सिगारेट आणि वाढलेलं वजन यांनी आजार जोर धरतो हे खरं, पण तो सडपातळ, निर्व्यसनी माणसालाही होतो. त्यामुळे ‘आधी वजन उतरवा, मग बघू’ असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका, उपचार सोबतच सुरू व्हायला हवेत.

ताप भरला, लाली झपाट्याने पसरू लागली तर वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. कुल्ह्यांवर वर्षानुवर्षं वाहणारी जखम कडक झाली किंवा वाढू लागली तर तिचा तुकडा तपासायला हवा. क्वचित तिथे कॅन्सर होतो.

एरवी केईएम, नायर, सायन अशा पालिका रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते. अडचण एकच, आपण जातो त्या दिवशी गाठ नेमकी बसलेली असते. म्हणून गाठ आली की मोबाइलवर फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून ठेवा, जुने कागद सोबत न्या. आणि जांघेतलं विचारायची वाट न पाहता आपणहून सांगा.