आयसीयूतल्या रुग्णाची माहिती घरच्यांना देताना या चुका टाळा

आयसीयूबाहेर बसलेल्यांना सर्वांत जास्त फसवतात ते सुटे आकडे. न्यूमोनियातून सेप्टिक शॉकमध्ये गेलेला, ५८ वर्षांचा, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण घ्या. काल डायलिसिस झालं आणि आज क्रिएटिनिन ५ वरून २.८ वर आलं. रेसिडेंट जाता जाता म्हणतो, "क्रिएटिनिन सुधारलंय." मुलगा लगेच गावी फोन करून किडनी सुधारल्याचं कळवतो.

पण रक्त साफ केलं ते मशीनने. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी; युरोबॅगमध्ये दहासुद्धा जमत नाही. ऑक्सिजनही ५० टक्क्यांवरून ७० वर न्यावा लागलाय. रात्री दुसरा डॉक्टर "हालत गंभीर आहे" म्हणतो, आणि घरच्यांना वाटतं, दिवसभरात हॉस्पिटलनेच काहीतरी घोळ केला.

म्हणून आधी एकंदर परिस्थिती सांगा, अवयवांचं नंतर. उभ्याउभ्या नको, खुर्ची द्या.

"काकू, काकांची तब्येत अजून खूप गंभीर आहे. बीपीचं औषध थोडं कमी करता आलं, एवढं बरं झालं. पण फुप्फुसं कालपेक्षा जास्त बिघडलीत, आणि किडनीचं काम मशीनच करतंय. ते बरे व्हावेत म्हणून सगळे उपचार चालू आहेत. तरीही ते यातून वाचणार नाहीत, अशी मला भीती वाटते."

यानंतर गप्प बसा. काकू रडतील, किंवा नुसत्या बघत राहतील. ती शांतता सहन होत नाही म्हणून आपण व्हेंटिलेटरचं सेटिंग समजावायला लागतो; त्यातलं काही त्यांच्या कानांत शिरत नाही.

"७२ तास जाऊ द्या, मग बघू," हे तर टाळाच. लोक खरंच तास मोजतात. त्याऐवजी कशावर नजर आहे ते सांगा: "उद्या संध्याकाळपर्यंत ऑक्सिजन कमी करता येतो का, बीपीचं औषध पुन्हा वाढवावं लागतं का, ते बघू. सहाला मी इथेच भेटतो. तब्येत खालावली तर रात्रीसुद्धा फोन करीन."

"किती टक्के चान्स?" हा प्रश्न येणारच. अपाचे स्कोअर शेकडो रुग्णांचा अंदाज देतो, एकट्या काकांचा नाही. पण "काही सांगता येत नाही" म्हणून सुटू नका. "अशा अवस्थेतले बरेच जण दगावतात, काही जण वाचतात. काकांचं काय होईल हे आज खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही," असं म्हणा. "देवाच्या हातात आहे" हे घरच्यांनी म्हटलं तर मान डोलवा. डॉक्टरच्या तोंडून ते आलं की उपचार थांबले असाच अर्थ निघतो.

शेवटी फाईलमध्ये कोणाशी, काय बोलणं झालं ते तुमच्याच शब्दांत लिहा. "रिलेटिव्हज एक्सप्लेन्ड" एवढ्यावरून रात्रपाळीच्या डॉक्टरला काही कळत नाही.